2,632 रुपयांची ई-मेल

पगार कमी आला की माणूस आधी चिडतो आणि मग लिहायला बसतो. त्यामुळे अशा पत्रांत आकडा शेवटी येतो, तोही बहुधा एकच आणि चुकीचा. त्याआधी 'गेली इतकी वर्षे इमानेइतबारे सेवा' असते, 'घरची परिस्थिती' असते आणि 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असते. माझ्यासमोर आहे ती ई-मेल यातल्या एकाही वळणाने जात नाही. सांगली भागातल्या एका पतसंस्थेत कारकून असलेल्या बाईंनी ती आपल्या वेतन विभागाला ऑक्टोबरच्या 3 तारखेला पाठवली. नावगाव बाजूला ठेवून ती इथे देतो.

विषय: सप्टेंबरच्या पगाराबाबत

नमस्कार,
सप्टेंबरच्या स्लिपमध्ये माझे पगाराचे दिवस 28 धरले आहेत, ते 30 हवेत. 11 व 12 सप्टेंबरची किरकोळ रजा शाखाधिकाऱ्यांनी 9 तारखेला मंजूर केली होती. मंजुरीची मेल सोबत आहे.

मूळ वेतन: स्लिपमध्ये 19,600, हवे 21,000
घरभाडे भत्ता: स्लिपमध्ये 7,840, हवा 8,400
विशेष भत्ता: स्लिपमध्ये 11,760, हवा 12,600
एकूण: स्लिपमध्ये 39,200, हवे 42,000
पी.एफ. कपात: स्लिपमध्ये 2,352, हवी 2,520
व्यवसाय कर: स्लिपमध्ये 200, बरोबर
हातात: स्लिपमध्ये 36,648, हवे 39,280

खात्यात 2,632 रुपये कमी आले आहेत. पी.एफ.मध्ये माझे 168 आणि संस्थेचे 168 कमी धरले गेले आहेत. स्लिपमध्ये किरकोळ रजा 5 शिल्लक दिसते, ती 3 करावी.
पी.एफ.चा भरणा 15 तारखेपर्यंत होतो, त्याआधी दुरुस्ती व्हावी. पगारातला फरक ऑक्टोबरच्या पगारासोबत दिला तरी चालेल, फक्त तो स्लिपमध्ये 'सप्टेंबरची थकबाकी' म्हणून वेगळा दाखवावा.

बस, एवढंच. खाली नाव आणि कर्मचारी क्रमांक.

पहिलं वाक्यच बघा. रक्कम तिथे नाही, आहेत ते दिवस. चूक पैशात झालेलीच नाही, ती हजेरीत झाली आहे आणि पैशांपर्यंत झिरपत गेली आहे. पगार करणारा माणूस प्रत्येकाच्या मूळ वेतनाला हात लावत नाही. तो दिवस भरतो, पुढचं गणित संगणक करतो. 28 ला 30 ने भागून मूळ वेतनाला आणि प्रत्येक भत्त्याला गुणलं की स्लिपमधला एकेक आकडा जसाच्या तसा निघतो. बाईंनी हे ताडून पाहिलं असणार, कारण नंतरच्या सात ओळींत त्या कुठेही 'का' सांगत बसत नाहीत. दुरुस्तीची जागा एकच आहे आणि ती त्यांनी पहिल्याच ओळीत बोट ठेवून दाखवली आहे.

त्यांच्या महिन्याचं नशीबही बरं. सप्टेंबर तीस दिवसांचा. कुठे महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतात, कुठे कायम 30 ने, तर कुठे सुट्टीचे वार वगळून 26 ने. एकतीसच्या महिन्यात आधी भाजक कोणता यावरूनच दोन मेल झाल्या असत्या.

आता खरी गोम. दोन दिवसांचे पैसे किती? 42,000 भागिले 30, गुणिले 2, म्हणजे 2,800. निम्म्याहून अधिक लोक इथेच थांबतात आणि '2,800 रुपये कमी आले' असं लिहितात. वेतन विभागातला माणूस बँकेची यादी काढतो, त्याला 2,632 चा फरक दिसतो आणि तो मनात म्हणतो, यांनाच नीट माहीत नाही. पत्राचं वजन तिथे संपतं. पगार कमी धरला गेला तेव्हा पी.एफ.ची कपातही कमी झाली. मूळ वेतनातल्या 1,400 चे बारा टक्के, म्हणजे 168. ते बाईंच्या हातात आलेच नसते, ते त्यांच्या पी.एफ. खात्यात गेले असते. म्हणून त्या हातात 2,632 मागतात आणि 168 दुसरीकडे मागतात. एक रक्कम दोन दारांनी येते हे ज्याला कळलं, त्याच्याशी वेतन विभाग वाद घालत नाही.

आणि संस्थेचे 168. ते कर्मचाऱ्याच्या हातात कधी पडत नाहीत आणि हातातल्या रकमेतून कळतही नाहीत. ही संस्था पूर्ण मूळ वेतनावर बारा टक्के भरते. त्यातला पेन्शनचा हिस्सा 15,000 रुपयांच्या मर्यादेवर ठरतो. बाईंचं मूळ वेतन दोन्ही हिशेबांत त्या मर्यादेच्या वर असल्याने पेन्शनला धक्का नाही. सगळा फरक निधीच्या खात्यात पडतो. एवढं त्यांनी लिहिलेलं नाही आणि लिहायची गरजही नव्हती. पण 15 तारीख त्यांना ठाऊक आहे. सप्टेंबरच्या वेतनाचा भरणा ऑक्टोबरच्या 15 पर्यंत करावा लागतो. त्याआधी दुरुस्ती झाली तर त्याच महिन्याच्या तपशिलात बरोबर वेतन जातं, नंतर झाली तर वेगळा भरणा करत बसावं लागतं. म्हणून ही तारीख धमकी वाटत नाही, काम वाचवणारी सूचना वाटते.

व्यवसाय कराची ओळ मला विशेष आवडते. तिथे काहीच चुकलेलं नाही, मग ती का? कारण ती काढली तर बेरीज लागत नाही. 39,200 वजा 2,352 करून 36,648 येत नाहीत, मध्ये 200 हवेत. वाचणाऱ्याला शोधायला लागू नये म्हणून ती ओळ आहे, आणि 'बरोबर' हा एक शब्द सांगतो की मी सगळी स्लिप पाहिली, मला खटकलं तेवढंच निवडलेलं नाही.

पण या मेलमधली सगळ्यात देखणी ओळ रजेची. 'ती 3 करावी.' स्वतःच्या दोन रजा कापून घ्या, असं बाई स्वतःहून सांगतात! हा केवळ प्रामाणिकपणा नाही, तो पुरावाही आहे. रजा मंजूर झाली, पण रजेच्या खात्यात पडलीच नाही. पडली असती तर शिल्लक 3 दिसली असती. म्हणजे संस्थेच्याच स्लिपवर एका कोपऱ्यात कपात आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात ती कपात चुकल्याची खूण आहे. मंजुरीची मेल जोडली नसती तरी निदान शंका घ्यायला एवढं पुरलं असतं. तरी बाई 'तुमच्याकडून रजा चढवायची राहिली' असं कुठेही म्हणत नाहीत. शाखेने कळवली नाही, की वेतन विभागाने चढवली नाही, हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून तो विषय त्या काढत नाहीत.

थकबाकी वेगळी दाखवा, हा आग्रहही साधा नाही. फरक नुसता ऑक्टोबरच्या आकड्यांत मिसळला, तर त्या महिन्याचं मूळ वेतन 22,400 दिसेल. उद्या गृहकर्जासाठी तीन महिन्यांच्या स्लिपा द्यायच्या झाल्या, तर एकीत 19,600, दुसरीत 22,400 आणि तिसरीत 21,000 असे आकडे बघून बँकेतला माणूस भुवया उंचावणार.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती सगळ्यात वर आहे. 'सप्टेंबरच्या पगाराबाबत' हा काय विषय झाला? महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वेतन विभागाकडे येणारी निम्मी पत्रं त्याच विषयाची असतात. 'सप्टेंबर: मंजूर रजा बिनपगारी धरली, 2 दिवस' एवढं लिहिलं असतं तर मेल उघडायच्या आधीच ती कुणाच्या टेबलावर जायची हे ठरलं असतं.