भाड्याचे घर आणि उसने शब्द

पूर्वी चित्रपटगृहात खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर जाहिरातींच्या काचेच्या स्लाइडी येत. साबणाची एक, सराफाची एक, आणि ‘शांतता राखा’ अशी एक. त्यांवरचे मराठी कसे आहे, याची चौकशी करण्याचे कोणा टीकाकाराच्या मनात आले नाही. आज स्लाइड हा शब्द पुन्हा घरात आला आहे, तो मुलांच्या फोनवरून. एखादा विषय आठ-दहा चौकटींत मांडायचा, एका चौकटीत वीस-पंचवीस शब्द, आणि वाचणाऱ्याने अंगठ्याने एकेक चौकट बाजूला सारायची, असा हा प्रकार. पैसे, प्रकृती, कायदा, प्रवास अशा कितीतरी गोष्टी शहरातली तरुण मंडळी आता या चौकटींतून शिकतात. तेव्हा त्यांच्या भाषेकडे टीकेच्या नजरेने पाहायला हरकत नाही.

या चौकटी लिहिणाऱ्यांपुढे एक प्रश्न सतत उभा असतो: इंग्रजी शब्द किती घालायचे? कोणी म्हणतो, तिसरा हिस्सा. कोणी म्हणतो, एकही नको. मला ही मोजदादच चुकीची वाटते, आणि का ते एका नमुन्यावरून सांगतो. विषय घेऊ पहिल्यांदा भाड्याने घर घेण्याचा. कारण पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेल्या प्रत्येक मुलामुलीवर तो प्रसंग येतो, आणि तेथे एखादा शब्द न समजणे पैशाला महाग पडते.

अशा मालिकेतली एक चौकट साधारणपणे अशी असते: ‘अ‍ॅग्रीमेंट साइन करण्याआधी लॉक-इन पिरियड चेक करा, नाहीतर डिपॉझिट फोरफीट होऊ शकतं.’ बारा शब्द, त्यांत सात इंग्रजी. लिहिणाऱ्याची समजूत अशी, की तरुण असेच बोलतात. बोलतातही. परंतु हे बोलणे कानाला सोपे असले तरी डोळ्याला सोपे नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या कोथरूडच्या मुलीला हा शेवटचा शब्द रोमन अक्षरांत पाठ असतो. देवनागरीतले ‘फोरफीट’ मात्र तिला अक्षर-अक्षर लावून वाचावे लागते. लातूरहून आलेल्या मुलाला तो वाचता येतो, पण कळत नाही. शहरी तरुण वाचक म्हणजे ही दोघेही, आणि एकाच शब्दाने दोघेही अडतात.

मग शुद्धिवादी गृहस्थ पुढे येतात आणि चौकट अशी करतात: ‘करारनाम्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी अपरिवर्तनीय कालावधीची पडताळणी करावी, अन्यथा अनामत रक्कम जप्त होण्याची शक्यता आहे.’ इंग्रजी एकही नाही. आणि अंगठा चौकट पुरती न वाचताच पुढे सरकतो. शिवाय त्या मुलीला एजंट ‘अपरिवर्तनीय कालावधी’ असे कधीच म्हणणार नाही. तो ‘लॉक-इन’ म्हणेल, कागदावरही बहुधा तेच असेल, आणि हीच ती गोष्ट हे तिला उमगणार नाही.

माझ्या मते ती चौकट अशी असावी: ‘करारावर सही करण्याआधी “लॉक-इन” किती महिन्यांचा आहे ते बघा. तेवढे महिने पूर्ण होण्याआधी घर सोडलंत, तर डिपॉझिट बुडू शकतं.’ बाराचे एकोणीस शब्द झाले खरे, पण पहिल्या वाक्याने ज्याचा अर्थच सांगितला नव्हता तो येथे सांगितला गेला. इंग्रजी शब्द राहिले दोन. दोन हा आकडा मी आधी ठरवला नव्हता. जो शब्द वाचकाला उद्या एजंटाच्या तोंडी किंवा कागदावर भेटणार आहे तो ठेवला, बाकीचे गेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’पेक्षा ‘करार’ लहान, चौकटीत जागाही कमी घेतो. ‘साइन’च्या जागी ‘सही’ आली. ती मूळची अरबी, पण तिला आता कोण परकी म्हणेल? आणि ‘बुडणे’ या क्रियापदात पैसे जाण्याची जी धास्ती आहे ती ‘फोरफीट’मध्येही नाही, ‘जप्त’मध्येही नाही.

या दोन पाहुण्यांतही भेद आहे. ‘डिपॉझिट’ मराठीत नांदू लागले आहे. त्याला लिंग मिळाले, विभक्ती लागते. ‘घरमालकाने डिपॉझिटातून रंगाचे पैसे कापले’ असे आपण सहज म्हणतो. ‘लॉक-इन’ मात्र ‘महिन्यांचा’ की ‘महिन्यांचे’, हे अजून ठरलेले नाही. असा शब्द अवतरणात ठेवावा आणि त्याच चौकटीत त्याचा अर्थ उलगडावा. हे जुनेच आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, आणि तरीही अर्ज, वकील, कागद, तारीख मराठीत राहिलेच. सावरकरांच्या खटपटीतला ‘महापौर’ रुळला. ‘दिनांक’ छापील अर्जावर बसला, पण तोंडात ‘तारीख’च राहिली.

आता एक अवघड शब्द घेऊ. या व्यवहाराला सगळे ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात. मालिकेत त्याचे सरळ ‘भाडेकरार’ केले तर वाचायला बरे, पण कायद्याने चूक. भाडेकरूला घरात काही हक्क मिळतो. येथे मिळते ती फक्त ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे मुदत संपूनही जो घर सोडत नाही त्याच्यावर दुप्पट आकार भरण्याची पाळी येऊ शकते. म्हणून येथे इंग्रजी नाव ठेवलेच पाहिजे. पण ते नुसते देवनागरीत उतरवले की आणखी एक गंमत होते. ‘लिव्ह’ वाचून तरुणाला वाटते, हा राहण्याचा ‘लिव्ह’. वस्तुतः तो दीर्घ ‘लीव्ह’, आणि त्याचा अर्थ येथे रजाही नव्हे, निघून जाणेही नव्हे. अर्थ आहे परवानगी. तेव्हा नावापुढे लगेच ‘म्हणजे फक्त राहण्याची परवानगी, घरावर हक्क नाही’ एवढे मराठी हवेच. या करारांची लेखी नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, हेही त्याच कायद्यात आहे. पुढच्या चौकटीत ते ‘रजिस्ट्रेशन मँडेटरी’ असे न लिहिता ‘नोंदणी घरमालकानेच करायची’ असे लिहिले, तर कोणी काय करायचे ते एका दमात कळते.

मिसळण झालेली शब्दांपेक्षा वाक्यात अधिक बोचते. ‘तुम्ही तयार आहात का तुमचं पहिलं घर भाड्याने घेण्यासाठी?’ या वाक्यात इंग्रजी शब्द एकही नाही, आणि तरी ते मराठी नाही. ‘पहिल्यांदाच भाड्याने घर घेताय?’ म्हटले की झाले. टक्केवारी मोजणाऱ्याच्या तागडीत हा दोष कधीच चढत नाही. तो कळतो मोठ्याने वाचल्यावर. मजकूर तयार झाला की घरातल्या एका तरुणाकडून तो वाचून घ्यावा. जेथे तो थबकेल तेथे शब्द तपासावा. आणि वाचून झाल्यावर त्याला अर्थ सांगायला सांगावा. ‘लॉक-इन’ शब्द बिनचूक वाचूनही तो काय ते सांगता आले नाही, तर दोष वाचणाऱ्याचा नव्हे.

राहता राहिली शेवटची चौकट. तेथे ‘सेव्ह करा, शेअर करा’ असते, आणि तेथे मी मराठीचा आग्रह धरणार नाही. ज्याच्या फोनवरची बटणे इंग्रजीत आहेत, त्याच्या बोटाला ‘जतन करा’ नावाचे बटण कोठेच सापडणार नाही.