मारलं कुणी? एका परिच्छेदाची दुरुस्ती

दरवर्षी ३० सप्टेंबर जवळ आला की आमच्या सास्तूरवर लेख येतात. १९९३ साली त्या तारखेला, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं असताना भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. किल्लारी आणि सास्तूर या दोन गावांना सगळ्यात जास्त मार बसला. किल्लारी लातूर जिल्ह्यात आणि आम्ही धाराशिव जिल्ह्यात, पण भूकंपाला नाव मिळालं किल्लारीचं. असो, ते दुःख वेगळं.

मी नव्या गावात जन्मलो. जुनं गाव मला ऐकून माहीत आणि या लेखांमधून माहीत. काही वर्षांपूर्वी मीही असा एक लेख लिहिला. आज त्यातल्या एका परिच्छेदाचंच परीक्षण करणार आहे, कारण त्यात जो बिघाड होता तोच या प्रकारच्या बहुतेक लेखांत दिसतो. परिच्छेद असा होता:

«भूकंपाने सास्तूरची माणसं मारली. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीची होती. भिंती दोन फुटांहून जाड, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा आणि मधे दगडगोट्यांचा भराव. वर माळवद, आणि ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षं चढवलेले पांढऱ्या मातीचे थर. काही घरांत माळवद लाकडी खांबांवर होतं, तिथे भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला. मदत पोचायला वेळ लागला. निसर्गापुढे माणूस हतबल असतो.»

मी हे आमच्या आबांना वाचून दाखवलं. त्यांचं आयुष्य गवंडीकामात गेलेलं. ते म्हणाले, "आरं, वर म्हन्तूस भूकंपानं मान्सं मारली, अन् खाली समदा हिशेब भिताडाचा. मंग मारलं कुनी?"

संपादकाने चार पानी टिपण पाठवलं असतं तरी यापेक्षा जास्त काही सांगितलं नसतं. परिच्छेदाचं पहिलं वाक्य एक गोष्ट सांगतं आणि पुढची चार वाक्यं दुसरीच सिद्ध करतात. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण काहीतरी सरकतंय एवढं जाणवतं. मोबाइलवर वाचणारा तर पहिली ओळ वाचून पुढे सरकतो, म्हणजे तो माझ्या लेखातून नेमकी चुकीची गोष्ट घेऊन जाणार.

हे होतं कसं? मुख्य वाक्य आपण आधी लिहितो, तेव्हा आपल्याला विषय माहीत असतो पण म्हणणं सापडलेलं नसतं. मग तपशील लिहिता लिहिता म्हणणं सापडतं. पण वर जाऊन पहिलं वाक्य बदलायचं राहून जातं. वर्धापनदिनाच्या लेखात हे हमखास घडतं, कारण पहिलं वाक्य आपलं नसतंच. ते आधीच्या सगळ्या लेखांतून चालत आलेलं असतं.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे पहिलं वाक्य अंगठ्याने झाकायचं. उरलेलं वाचायचं आणि विचारायचं, हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? माझ्या परिच्छेदात तो प्रश्न "घरं का पडली?" असा निघाला. मग प्रत्येक वाक्यासमोर एकदोन शब्द लिहायचे. मी लिहिले: घर, भिंत, माळवद, खांब, मदत, हतबलता. पहिले चार एका घरातले आहेत. "मदत" शेजारच्या गावातून आली आहे. ती खरी असेल, पण तिला आधार देणारं एकही वाक्य इथे नाही, आणि असला तरी तो दुसऱ्या परिच्छेदाचा विषय. ते वाक्य उचलून बाजूला ठेवलं. "निसर्गापुढे माणूस हतबल" हे तर सरळ कापलं. मधली चार वाक्यं सांगताहेत की माणसाने बांधलेल्या भिंतीत दोष होता, आणि शेवटचं वाक्य म्हणतंय की माणूस काही करूच शकत नव्हता. हे नुसतं विषयांतर नाही, हे मधल्या वाक्यांना खोटं पाडणं आहे.

आता पहिलं वाक्य. मी लिहिलं: "सास्तूरची माणसं माळवदाच्या ओझ्याने मेली." छान, ठाम. पण पुन्हा खाली उतरलो तर एक वाक्य अडलं: लाकडी खांबांवरचं माळवद उभं राहिलं होतं. ओझं तेच, मातीही तीच, आणि तरी सांगाडा टिकला. इथे मोह काय होतो ते प्रामाणिकपणे सांगतो. मी ते वाक्य खोडलं. परिच्छेद एकदम गुळगुळीत झाला. वर आणि खाली मस्त जुळलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आणलं. जे वाक्य मुख्य वाक्यात बसत नाही, त्याच वाक्यात बरेचदा आपल्याला खरंखुरं कळलेलं असतं. मजकूर आणि मुख्य वाक्य भांडायला लागले की बहुतेक वेळा मजकुराचं ऐकावं, कारण तो पाहून किंवा विचारून लिहिलेला असतो. मुख्य वाक्य आठवणीतल्या चालीवर लिहिलेलं असतं. याला अपवाद आहेच. मजकूर ऐकीव असेल, फुगवलेला असेल, तर मुख्य वाक्य ठेवून मजकूर बदलावा लागतो. पण लाकडी सांगाड्याची गोष्ट मी आबांकडून खोदून खोदून विचारलेली होती. ज्या भिंतीचे दोन्ही थर आरपार दगडाने एकमेकांना बांधलेले नाहीत, ती हादऱ्यात मधून उकलते आणि आपल्यावरचं ओझं सोडून देते. ते ओझं खांबांवर असेल तर भिंत एकटी पडते. ज्या चौकटीला आम्ही खण म्हणतो, तिचा हा उपयोग.

तेव्हा तिसरा प्रयत्न असा झाला:

«माळवद कशावर टेकलेलं आहे, यानेही फरक पडला. आमच्याकडच्या भिंती दोन फुटांहून जाड, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे दगडगोट्यांचा भराव, आणि दोघांना जोडणारा आरपार दगड बहुधा नाही. हादरा बसला की अशी भिंत मधून उकलते. जिथे वर्षानुवर्षं मातीचे थर चढलेलं माळवद थेट अशा भिंतीवर होतं, तिथे ते भिंतीबरोबर खाली आलं. काही घरांत ते लाकडी खांबांवर होतं. तिथे भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला.»

पहिल्या वाक्यातला "ही" बघा. आधी मी "यावरच सगळं अवलंबून होतं" असं लिहिलं होतं. पण खाली पुरावा "काही घरांत" एवढाच आहे. मुख्य वाक्य आणि मजकूर यांचा विषय जुळला तरी माप जुळत नसेल, तर तेही भांडणच.

मग "भूकंपाने माणसं मारली" या वाक्याचं काय करायचं? ते खोटं नव्हतं. त्याला स्वतःचा मजकूर मिळाला नव्हता, एवढंच. ६ च्या वरचे भूकंप जगात दरवर्षी शंभराच्या घरात होतात आणि बहुतेकांची बातमीही होत नाही. मग हाच इतका भारी का पडला? त्यासाठी वेगळा परिच्छेद केला: «हा भूकंप आला तेव्हा कुणीच सावध नव्हतं. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यामुळे घरं बांधताना हादऱ्याचा विचार करण्याचं कारण कुणाला वाटलं नाही. आणि वेळ पहाटेची, माणसं घरात झोपलेली.» भूकंप उथळ होता हेही मला इथे घालायचं होतं. माहिती बरोबर आहे, महत्त्वाचीही आहे, पण ती सावध असण्या-नसण्याबद्दल नाही. ती घालायची तर पहिलं वाक्य पुन्हा ढिलं करावं लागलं असतं. नाही घातली.

एक गैरसमज वाटेत उरकून टाकतो. फोनवर वाचायला सोपं जावं म्हणून दर वाक्यानंतर एंटर मारला की परिच्छेद दुरुस्त होत नाही. माझा मूळ परिच्छेद सात तुकड्यांत तोडला असता तरी भांडण तेच राहिलं असतं, फक्त ते शोधणं अवघड झालं असतं.

याच लेखातला दुसरा बिघाड जास्त लबाड होता. तिथे मी लिहिलं होतं, "पुनर्वसनाने सास्तूरला नवं आयुष्य दिलं." खाली होतं: पक्की घरं मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. रस्ते रुंद झाले. पण आजीची जुनी शेजारीण, जिच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून होती, ती चार गल्ल्या पलीकडे गेली.

हा "पण" म्हणजे ठिगळ आहे. मराठीत आपण "पण", "तरीही", "अर्थात" लावून दोन वेगळी म्हणणी एका परिच्छेदात बिनबोभाट कोंबतो, आणि लेख समतोल झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात वाचणाऱ्याला कळत नाही की लेखक नव्या गावाच्या बाजूने आहे की विरुद्ध. तपासायची रीत सोपी आहे. "पण" काढून टाका. दोन्ही बाजू वेगवेगळ्या उभ्या राहिल्या आणि एकमेकींना काहीच देणंघेणं नसेल, तर दोन परिच्छेद करा.

इथे मात्र देणंघेणं होतं. घराचं माप जमिनीवरून ठरलं, आणि आजीचा जुना शेजार जमिनीवरून ठरलेला नव्हता. म्हणून मी परिच्छेद तोडला नाही, वरचं वाक्य बदललं: "जुनं गाव भिंतीला भिंत लागून वाढलं, नवं गाव सातबाऱ्याच्या मापाने आखलं गेलं." आता चौरस फूट आणि शेजारीण एकाच म्हणण्याखाली येतात, आणि "पण"ची गरजच उरत नाही. परिच्छेदात एकच म्हणणं असावं याचा अर्थ त्यात एकाच रंगाची माहिती असावी असा नाही. विरोध हेच म्हणणं असेल तर तो खुशाल आत राहू दे. फक्त तो पहिल्या वाक्याला माहीत हवा.

आणि पहिलंच वाक्य असं तरी का? मुख्य वाक्य सुरुवातीला ठेवायचा नियम स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेनने १८६६ साली इंग्रजीसाठी लिहिला, तिथून तो शाळांतून आपल्याकडे आला. मराठी निबंधात म्हणणं शेवटच्या ओळीत उलगडलेलंही चालतं, आणि आठवणी सांगताना तर ते कुठेच उघड लिहिलेलं नसतं. आजीने सांगितलेली पहाटेची हकीकत मी जशीच्या तशी ठेवली, तिच्या डोक्यावर काहीही बसवलं नाही. वर "भीषण अनुभव" वगैरे लिहिलं असतं, तर त्या हकिकतीतला मधलाच एक भाग, ती अंधारात चपला शोधत होती तो, विसंगत वाटला असता आणि कुणीतरी तो कापला असता.

सगळं झाल्यावर लेखातली फक्त पहिली वाक्यं एकाखाली एक लिहून आबांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्ये मदतीचं कुठं गेलं?" ते अजून फाईलच्या तळाशी पडून आहे. त्याचा परिच्छेद लिहायचा तर त्या दिवशी गावात कोण केव्हा पोचलं, हे आधी चार जणांना विचारावं लागेल.