पसायदानाचे गद्य : साडेतीन चरणांची उतरण

आमच्या बिबवेवाडीतल्या इमारतीत दर एकादशीला संध्याकाळी दहा-बारा जण जमतात. ज्ञानेश्वरीच्या वीस-पंचवीस ओव्या वाचल्या जातात, त्यांवर थोडे बोलणे होते आणि शेवटी पसायदान म्हणून मंडळी उठतात. मागच्या वर्षी एका आजींनी मला सांगितले, "नातवंडं बसतात रे आमच्याबरोबर, पण त्यांना यातलं काही उमगत नाही. तू एवढं वाचत असतोस, तर आजच्या मराठीत लिहून दे की." मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधकाचे काम केले. महाविद्यालयाची पायरी चढलो ती प्रुफे पोचवायला. तरी आजींना होकार दिला, आणि आठवडाभरात नऊ ओव्यांचे नऊ परिच्छेद करून दिले.

पुढच्या एकादशीला ते वाचले गेले. वाचून झाल्यावर बसमध्ये वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "कळलं सगळं. पण हात जोडावेसे वाटले नाहीत." हा लेख त्या एका वाक्यापाशी सुरू होतो.

माझे नेमके काय चुकले होते, ते दुसऱ्या ओवीत सर्वांत स्पष्ट दिसते. खळांविषयीचे मागणे तिच्यात आहे. मी लिहिले होते : 'जे दुष्ट लोक आहेत त्यांनी आपला दुष्टपणा सोडून द्यावा, त्यांच्या मनात सत्कर्माविषयी आवड निर्माण व्हावी आणि सर्व प्राणिमात्रांमध्ये परस्परांविषयी मैत्रीची भावना निर्माण व्हावी.' अर्थाच्या दृष्टीने यात ढोबळ चूक नाही. शाळेच्या उत्तरपत्रिकेत पूर्ण गुण मिळाले असते. सार्थ ज्ञानेश्वरीच्या आवृत्त्या वाचत वाढलेल्या माझ्या पिढीची ही सवयच आहे. साखरे महाराजांची परंपरा असो वा सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी, या ग्रंथांचे काम ओवी समोर असताना तिचा अर्थ सांगण्याचे आहे आणि ते त्यांनी चोख केले आहे. पण ओवी बाजूला ठेवून तिच्या जागी गद्य उभे करायचे म्हटले, की तीच पद्धत अपुरी पडते.

आता मूळ ओवीची बांधणी पाहू. ओवीचे चरण साडेतीन : पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. या दुसऱ्या ओवीची अक्षरे मोजली तर नऊ, नऊ, आठ आणि पाच अशी भरतात. तिसऱ्या ओवीत नऊ, नऊ, नऊ आणि चारच. तीन पायऱ्या सारख्या उंचीच्या आणि चौथीवर पाय एकदम जमिनीला लागतो, अशी ही उतरण आहे.

हे छंदाचे पुस्तक वाचूनही कळते. मला कळायला वेळ लागला ते यमकाविषयी. या दोन्ही ओव्यांत यमक जुळते ते क्रियापदांचे. तिन्ही चरणांच्या शेवटी ओकारान्त क्रियापद आहे : सांडो, वाढो, पडो, पुढच्या ओवीत जावो, पाहो, लाहो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. म्हणजे हे यमक कवीने बाहेरून आणून जोडलेले नाही, आपल्या वाक्यरचनेने ते आपोआप हाती दिले आहे. म्हणूनच गद्य करताना ते सोडावे लागत नाही. ओकारान्ती रूप टिकवून तीन छोटी वाक्ये लिहिली, की गद्यातही तो नाद येतो.

आणि चौथा चरण? दोन्ही ओव्यांत त्यात क्रियापदच नाही. ते तिसऱ्या चरणात येऊन गेलेले असते, आणि ज्याच्याविषयी मागायचे ते नाम एकटे मागे राहते. बोलताना आपणही असे करतो. "येऊ दे एकदाचा, पाऊस." स्वल्पविरामानंतरच्या शब्दावर आवाज खाली येतो आणि सगळे वजन त्यावर पडते. माझ्या मसुद्यात मी क्रियापद नियमाप्रमाणे शेवटी नेऊन ठेवले, तेही 'निर्माण व्हावी' असे भरगच्च. ओवी जिथे टेकते, तिथे माझे वाक्य अजून चालतच होते.

दुसरी चूक व्याकरणाची आहे, पण भाव तिथेच बिघडला. पसायदानात मागण्याची दोन वेगळी रूपे आहेत. पहिल्या ओवीत विश्वात्मक देवाला थेट विनवणी आहे आणि तिथे क्रियापदे 'तोषावें', 'द्यावें' अशी येतात. दुसऱ्या ओवीपासून रूप बदलते आणि ओकार सुरू होतो. आठव्या ओवीत 'जी' म्हणून पुन्हा समोरच्याशी बोलणे आहे, तिथे 'वें' परत येतो. 'द्यावे' म्हणताना समोर कोणीतरी असतो. 'जावो' म्हणताना कोणालाच काही सांगितलेले नसते, फक्त इच्छा हवेत सोडलेली असते. मी 'दुष्टांनी दुष्टपणा सोडून द्यावा' लिहिले आणि खळांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून समज दिली. मूळ ओवीत खळांना कोणी काही सांगतच नाही. त्यांचा वाकडेपणा आपोआप गळावा, एवढेच मागणे आहे. काकांचे हात जोडले गेले नाहीत, कारण सूचनाफलकासमोर कोणी हात जोडत नाही.

ओकारान्त रूप आज जुनाट वाटेल, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. 'भलं होवो', 'देव बरं करो' हे घराघरात आहे. भांडणात 'वाटोळं होवो'ही आहे. रूप जिवंत आहे, काही धातू मात्र गेले. 'लाहो' आज कोणाला कळणार नाही, 'मिळो' चालते. 'सांडो' म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर दूध येते. आणि खुद्द 'खळ' या शब्दाची गंमत म्हणजे आमच्या छापखान्यात बाइंडिंगला लागायची तीही खळच.

म्हणून दुसरा मसुदा करताना मी शब्दांपाशी थांबलो. ओवीतला मूळ शब्द वाकडेपणाचा आहे, आणि 'दुष्टपणा' त्याहून फार मोठा आणि कठोर. वाकडेपणाला आपल्या बोलीत नेमका शब्द आहे : पीळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. ही प्रार्थना तर जे जात नाही असे लोक धरून चालतात, तेच जावो म्हणते. सुंभ जळायला नको, फक्त पीळ सुटायला हवा. त्यानंतर 'वाढो' हे क्रियापद. वाढायचे तर आधी थोडे असावे लागते. खळाच्या ठायीही सत्कर्माची गोडी किंचित आहे, असे ज्ञानदेवांनी गृहीत धरले आहे. माझ्या 'आवड निर्माण व्हावी'ने ती आधी शून्य केली होती. एका क्रियापदाच्या बदलाने खळाविषयीचे मत बदलले, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

दुसरी आणि तिसरी ओवी आता अशी झाली :

'वाकड्या मनांतला पीळ सुटो. चांगल्या कामातली त्यांची गोडी वाढो. साऱ्यांचं एकमेकांशी जडो, जिवाभावाचं नातं.

पापाचा काळोख जावो. ज्याच्या त्याच्या कर्तव्याचा सूर्य जगाला दिसो. ज्याला जे हवं ते मिळो, प्रत्येक जिवाला.'

यात उणिवा आहेत. 'मैत्र' मी सोडला, कारण आज तो शब्द पुस्तकी झाला आहे. पण 'जिवाभावाचं' म्हटल्यावर नाते आपल्या माणसांपुरते आक्रसते, हेही खरे. 'स्वधर्म' शब्द तसाच ठेवला असता तर आजच्या मुलाने त्यातून शाळेच्या दाखल्यावरचा धर्म वाचला असता. गीतेच्या टीकेत तो शब्द आपल्या वाट्याच्या कर्तव्याचा आहे. 'कर्तव्य' कोरडे वाटते, तरी चुकीच्या ओलाव्यापेक्षा मी कोरडेपणा पत्करला. आणि ओव्यांचा क्रम हलवायचा नाही, हे इथे पक्के झाले. ज्याला जे हवे ते मिळो, हे मागणे पीळ सुटल्यानंतर येते म्हणूनच निर्धास्तपणे करता येते.

पाचव्या ओवीपाशी मी हरलो. चालत्या कल्पतरूंची, सजीव चिंतामणींच्या गावाची, बोलत्या अमृतसागरांची तिथे नुसती रांग आहे. पूर्ण क्रियापद कुठेच नाही. ते मिळते सहाव्या ओवीच्या अगदी शेवटी, सज्जन सर्वांचे सोयरे होवोत या मागण्यात. म्हणजे दोन ओव्यांचे मिळून एकच लांब वाक्य आहे. ओवीच्या आकड्याखाली तिचा अर्थ छापण्याच्या आपल्या रिवाजात हे वाक्य मधोमध तुटते, आणि तुटलेल्या अर्ध्याला उभे करण्यासाठी 'असे जे आहेत' ही कुबडी द्यावी लागते. रवींद्रनाथांनी 1912च्या इंग्रजी गीतांजलीत आपली बंगाली पद्ये स्वतःच गद्यात नेली. निर्भय मनाविषयीच्या त्यांच्या प्रसिद्ध प्रार्थनेत त्यांनी एकापाठोपाठ एक गौण वाक्ये टांगून ठेवली आणि मागणे अगदी शेवटच्या ओळीत सोडले. ते वाचून मी दोन्ही ओव्यांचा एक परिच्छेद केला आणि 'होवोत' शेवटपर्यंत अडवून धरले. लय आली. पण कल्पतरू आणि चिंतामणी गद्यात उतरताच जाहिरातीसारखे चकचकीत दिसतात, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. पावसच्या स्वामी स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरी आजच्या मराठीत आणली ती अभंगात, याचे मर्म अशा जागी कळते. छंद असला की अशी रूपके अंगावर येत नाहीत.

नवा मसुदा आषाढातल्या एकादशीला वाचला. तो मी स्वतः न वाचता आजींच्या नातीकडून वाचून घेतला, कारण लिहिणारा आपल्या वाक्याला आवाजाने सांभाळून घेतो. मुलगी सातवीतली, तिला ओवीची चाल ठाऊक नव्हती. तरी 'जडो'नंतर ती थांबली आणि पुढचे दोन शब्द खालच्या आवाजात म्हणाली. स्वल्पविरामाने काम केले होते. काकांकडे मी पाहिले नाही, धीर झाला नाही.

तंटा झाला तो नवव्या ओवीवर. तिथे मागणे संपते, वर मिळतो, आणि ज्ञानदेव स्वतःचे नाव घेऊन, एकवचनात, आपण सुखी झाल्याचे सांगतात. क्रियापद भूतकाळी आहे. मी लिहिले होते, 'या वराने ज्ञानदेव सुखी झाला.' आजी ताडकन म्हणाल्या, "माउलींना अरेतुरे?" मी म्हटले, "आजी, ते स्वतःविषयी बोलताहेत. स्वतःला कोण अहोजाहो करतं?" त्या म्हणाल्या, "ते म्हणतील, आपण म्हणायचं नाही." 'झाले' केले की बोलणारा ज्ञानदेव राहत नाही, त्यांच्याविषयी सांगणारा दुसराच कोणी येतो आणि नऊ ओव्यांचे मागणे ऐकीव होते. हे मी समजावून पाहिले. काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "तुमचं खरं असेल, पण आजींच्या तोंडून 'झाला' निघायचं नाही."

एकादशीच्या वहीत आता 'झाले' आहे. माझ्या मसुद्यात 'झाला'च आहे.