संचित बेरजेची पद्धत: गावांच्या निवडीसंबंधी काही आक्षेप

बोलीच्या अभ्यासकाला गावे कशी निवडावीत हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोलींचे मासले आहेत, पण अमुक रूप किती लोकांच्या तोंडी आहे याचे उत्तर त्यात शोधणे हा त्या ग्रंथावर अन्याय होईल. अलीकडे मात्र पदव्युत्तर प्रबंधिकांतून 'तालुक्यातील इतके टक्के भाषक' अशी विधाने आढळू लागली आहेत, आणि त्यांच्या आधारासाठी 'गावे लोकसंख्येच्या प्रमाणात निवडली' एवढे एकच वाक्य पुरेसे मानले जाते. या वाक्याआड काय दडलेले असते, त्याचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

अक्कलकोटसारख्या सीमेवरील तालुक्यात, जेथे मराठी व कन्नड शेजारी नांदतात, दोन गावे निवडावयाची आहेत असे समजू. विवेचनाच्या सोयीसाठी आठच गावे घेऊ. त्यांचे आकडे कल्पित आहेत.

| गाव | लोकसंख्या | संचित बेरीज | वाट्याला आलेले अंक |
|---|---|---|---|
| १ | ६४० | ६४० | १ ते ६४० |
| २ | २,३१० | २,९५० | ६४१ ते २,९५० |
| ३ | ४८० | ३,४३० | २,९५१ ते ३,४३० |
| ४ | १,१५० | ४,५८० | ३,४३१ ते ४,५८० |
| ५ | ५,८२० | १०,४०० | ४,५८१ ते १०,४०० |
| ६ | ९०० | ११,३०० | १०,४०१ ते ११,३०० |
| ७ | १,७०० | १३,००० | ११,३०१ ते १३,००० |
| ८ | २,००० | १५,००० | १३,००१ ते १५,००० |

प्रत्येक गावाच्या वाट्याला त्याच्या लोकसंख्येइतके अंक येतात. १ ते १५,००० यांमधील एक अंक यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून घ्यावा, आणि तो ज्या गावाच्या वाट्यात पडेल ते गाव निवडावे. ७,३१६ हा अंक आला तर पाचवे गाव, ३,१८७ आला तर तिसरे. पाचव्या गावाची संभाव्यता प्रत्येक वेळी ०·३८८ आणि तिसऱ्याची ०·०३२ इतकी राहते. एका ठिकाणी बेरीज चुकली की पुढच्या सर्व गावांचे वाटे सरकतात. म्हणून शेवटची संचित बेरीज जनगणनेत दिलेल्या एकूण आकड्याशी ताडून पाहणे अगत्याचे होय.

खरी अडचण दुसऱ्या अंकापाशी सुरू होते. पहिला अंक ७,३१६ आणि दुसरा ९,०४२ असा आला तर दोन्ही वेळा पाचवेच गाव येते. अशा वेळी विद्यार्थी दुसरा अंक टाकून देतो व नवा घेतो, आणि तरीही निवड 'लोकसंख्येच्या प्रमाणातच' झाली असे लिहितो. वस्तुतः ते प्रमाण तेथेच मोडते. दोन निवडींत पाचवे गाव नमुन्यात येण्याची संभाव्यता ०·३८८ च्या दुप्पट, म्हणजे ०·७७६ हवी होती. पुनरुक्ती टाकल्यावर ती सुमारे ०·६५५ उरते. उलट तिसऱ्या गावाची ०·०६४ हवी असताना सुमारे ०·०७३ होते. मोठे गाव मागे पडते, लहान गाव पुढे सरकते, आणि तक्त्याकडे पाहून हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

हॅन्सेन व हर्विट्झ यांनी १९४३ साली ही उपपत्ती मांडली तेव्हा एकच गाव पुन्हा येऊ देण्याची मुभा त्यांनी गृहीत धरली होती. तेव्हा ९,०४२ आल्यावर योग्य मार्ग असा की पाचवे गाव दोनदा धरावे आणि तेथे निवेदकांचा दुसरा, स्वतंत्र गट घ्यावा. हे ज्याला रुचत नाही त्याने एकूण बेरजेचे दोन भाग करावेत. १ ते ७,५०० मधून एकच अंक घ्यावा, समजा २,३१६. त्यात ७,५०० मिळवून ९,८१६. गावे दुसरे व पाचवे. पाचव्या गावाचा वाटा ७,५०० पेक्षा कमी असल्याने ते दोनदा येणे शक्य नाही, आणि प्रमाणही अबाधित राहते. याची किंमत मात्र द्यावी लागते: यादीच्या या क्रमात तिसरे गाव आले की दुसरे नेहमी सहावेच येईल, पाचवे कधीही नाही. काही जोड्या मुळीच संभवत नसल्याने चुकीच्या मर्यादेचा निःपक्ष अंदाज या मार्गाने मिळत नाही.

लांबलचक बेरजा टाळण्याची युक्ती डी. बी. लाहिरी यांनी १९५१ साली दिली. गावाचा क्रमांक एका अंकाने निवडावा. मग १ ते ५,८२०, म्हणजे सर्वांत मोठ्या गावाच्या लोकसंख्येपर्यंत, दुसरा अंक घ्यावा. तो त्या गावाच्या लोकसंख्येहून मोठा निघाल्यास दोन्ही अंक टाकून पुन्हा आरंभ करावा. आपल्या यादीत एका निवडीसाठी सरासरीने तीन प्रयत्न लागतील. येथे अंक टाकणे हा पद्धतीचाच भाग आहे. वर सांगितलेल्या टाकण्याशी त्याची गल्लत होऊ नये.

दुसरा आक्षेप गावात शिरल्यानंतरचा आहे. तिसरे आणि पाचवे गाव निवडले गेले, आणि प्रत्येक गावातून दहा टक्के माणसे घेतली: ४८ आणि ५८२. तिसऱ्यात ३६ जणांच्या बोलण्यात एखादे रूप आढळले, पाचव्यात २९१ जणांच्या. सगळे एकत्र करून ६३० पैकी ३२७, म्हणजे सुमारे ५२ टक्के, असे लिहिले जाते. परंतु मोठ्या गावाला निवडीच्या वेळीच त्याच्या आकाराचे माप मिळालेले होते. ते येथे दुसऱ्यांदा दिले गेले. योग्य अंदाज दोन गावांच्या टक्केवारीची साधी सरासरी, म्हणजे ७५ व ५० यांची ६२·५. प्रत्येक गावातून सारखीच संख्या, समजा वीस माणसे, घेतली असती तर ही चूक घडलीच नसती. कारण मग प्रत्येक व्यक्तीची दर निवडीतील संभाव्यता १५,००० मध्ये २० अशी सर्वत्र समान होते. या पद्धतीचे खरे सौंदर्य मला तरी येथे दिसते.

तिसरा आक्षेप आमच्याच शास्त्राचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. बोलीच्या नकाशासाठी प्रश्न पुष्कळदा 'किती माणसे' असा नसून 'किती गावे' असा असतो. समजा ते रूप गावात ऐकू येते की नाही एवढेच पाहावयाचे आहे. तेव्हा प्रत्येक निवडलेल्या गावाला त्याच्या संभाव्यतेच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यावे लागते. पाचव्या गावाचे वजन २·५८, तिसऱ्याचे ३१·२५. रूप तिसऱ्यात ऐकू आले, पाचव्यात आले नाही, तर अंदाज निघतो ३१·२५ भागिले दोन, म्हणजे आठ गावांच्या तालुक्यात सुमारे साडेपंधरा गावे! उपपत्ती येथे खोटी नाही. असंख्य वेळा निवड केली तर सरासरी बरोबरच येईल. पण ज्या गोष्टीचा गावाच्या आकाराशी संबंधच नाही, तिच्यासाठी आकाराच्या प्रमाणात निवड केल्यावर एकेकट्या नमुन्यावर भिस्त ठेवता येत नाही. अशा प्रश्नाला सर्व गावांना समान संधी देणारी साधी चिठ्ठीच बरी. पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथासारखी पुस्तके शेती व उत्पन्न यांच्या संदर्भात वाचली जातात. तेथे मोठ्या गावात पीकही बहुधा अधिक असते. व्याकरणाचे रूप मात्र लोकसंख्येबरोबर वाढत नाही.

आकाराचे माप म्हणून अजूनही २०११ च्या जनगणनेचे आकडे घेतले जातात. ते जुने झाल्याने अंदाज पक्षपाती होत नाही, कारण संभाव्यता आपल्याच तक्त्यातून ठरलेली असते. मात्र वीस माणसे घेतलेल्या गावाची लोकसंख्या आज दुप्पट झाली असेल तर वजनांची समानता उरत नाही, आणि साध्या सरासरीऐवजी गावात जाऊन केलेली घरमोजणी हिशेबात धरावी लागते. प्रबंधिकेत संभाव्यतांचा तक्ताच छापलेला नसला तर ही दुरुस्ती नंतर कोणालाही करता येत नाही.