सही तपासली, मग दारावर अट कशाला?

ब्राउझर बंद आहे, संकेतस्थळ उघडलेले नाही, आणि तरीही त्या स्थळाची सूचना फोनवर येऊन पडते. हे कसे घडते ते आधी पाहू या. मग या सोयीवर आयफोनने घातलेली एक अट कितपत रास्त आहे, हे ठरवता येईल.

समजा, एका शाळेला अचानक जाहीर झालेली सुटी पालकांना कळवायची आहे. शाळेचा सर्व्हर पालकाच्या फोनला थेट गाठू शकत नाही. फोनचा जाळ्यावरचा पत्ता बदलत राहतो, आणि प्रत्येक स्थळासाठी वेगळी जोडणी जागी ठेवली तर बॅटरी लवकर संपेल. म्हणून निरोप आणायचे काम एका मध्यस्थाकडे, म्हणजे पुश सेवेकडे असते. क्रोमसाठी ती गूगलची, फायरफॉक्ससाठी मोझिलाची, तर सफारीसाठी ॲपलची. पालकाने परवानगी दिली की ब्राउझर या सेवेकडून एक लांबलचक पत्ता मिळवतो. आयफोनवर त्याची सुरुवात `https://web.push.apple.com` अशी असते. सोबत निरोप कुलूपबंद करण्याच्या किल्ल्या मिळतात, त्यामुळे मध्यस्थाला मजकूर वाचता येत नाही. हे सारे मिळून झाले सबस्क्रिप्शन, म्हणजे नोंदणी. शाळेचा सर्व्हर ती जपून ठेवतो.

पण हा पत्ता भलत्याच्या हाती लागला तर? त्यासाठी व्हॅपिड ही पद्धत आहे. २०१७ साली ती प्रमाणित झाली. शाळा एकदाच किल्ल्यांची जोडी बनवते, एक खासगी आणि एक जाहीर. नोंदणीच्या वेळी जाहीर किल्ली ब्राउझरला दिली जाते व ती त्या नोंदणीशी बांधली जाते. पुढे निरोपासोबत खासगी किल्लीने सही केलेली चिठ्ठी जाते. ती कोणत्या सेवेसाठी आहे, केव्हापर्यंत चालेल आणि पाठवणाऱ्याशी संपर्क कसा साधायचा, हे तिच्यात लिहिलेले असते. तिची मुदत २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सही जुळली नाही तर सेवा निरोप नाकारते, बहुधा 403 हा आकडा परत येतो. सर्व्हर बदलताना कुणी नवी जोडी बनवली, तर जुन्या साऱ्या नोंदण्या अशाच निकामी होतात.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. व्हॅपिड 'ही शाळाच आहे' असे सिद्ध करत नाही. 'ज्याने नोंदणी घेतली तोच बोलतो आहे', एवढेच ती सांगते. त्यामुळे कोणत्याही कंपनीकडे अर्ज करावा लागत नाही. हा या रचनेचा मोठा गुण आहे.

आता आयफोन. मार्च २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १६.४ पासून तेथे वेब पुश चालते, पण स्थळ होम स्क्रीनवर ठेवले असेल तरच. पालकाने शेअरच्या यादीतून Add to Home Screen निवडायचे, तयार झालेल्या चिन्हावरून स्थळ उघडायचे, तेथील बटण दाबायचे, तेव्हा कुठे परवानगीची चौकट येते. सफारीच्या साध्या टॅबमध्ये ही सोय मुळात दिसतच नाही. पुढची ओळ तेथे `false` असे उत्तर देते:

```
'PushManager' in window
```

अटीच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. पान उघडताक्षणी परवानगी मागणाऱ्या स्थळांनी लोकांना पुरते वैतागवले आहे. चिन्ह मुद्दाम ठेवावे लागते, म्हणजे इच्छा खरी. अशा स्थळाला सेटिंग्जमध्ये स्वतःची जागा मिळते, त्यामुळे नको झालेल्या सूचना बंद करणेही सोपे जाते.

पण ही तांत्रिक गरज आहे काय? नाही. मॅक संगणकावर २०२२ पासून सफारी टॅबमधल्या स्थळालाही पुश देते, आणि तेथेही हीच व्हॅपिडची सही चालते. बटण दाबल्याशिवाय परवानगी मागायची नाही, हा नियम सफारीत आहेच. त्रास देणारी स्थळे रोखायला तो बराचसा पुरेसा आहे. शिवाय चिन्ह ठेवण्याची चौकट स्थळाला स्वतःहून दाखवता येत नाही. पालकाला यादीत शोधाशोध करावी लागते, आणि पुष्कळजण तेथेच थांबतात.

सारे एकाच खुंटीला टांगण्याचा धोकाही दिसून आला. युरोपीय संघात आयओएस १७.४ पासून होम स्क्रीनवरची वेब ॲप्स बंद करण्याचे ॲपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले. ती गेली असती तर तेथील आयफोनवरून वेब पुशही गेले असते. टीका झाल्यावर १ मार्चला निर्णय मागे घेतला गेला.

व्हॅपिडने कंपनीच्या दारी अर्ज करण्याची गरज संपवली. होम स्क्रीनच्या अटीने कंपनीचा उंबरठा पुन्हा मध्ये आणला. वापरणाऱ्याची संमती मुद्दाम घेतलेली असावी, हा हेतू योग्य आहे. पण ती संमती चिन्हाच्या रूपातच मिळाली पाहिजे, हा हट्ट पटत नाही.