एका नकाराचं रसग्रहण

तुळशीचं लग्न लागलं की महाराष्ट्रात मुहूर्तांची दाटी होते. चातुर्मासात थांबलेली लग्नं पुढच्या काही महिन्यांत उरकायची असतात आणि पंचांग सगळ्यांना साधारण तेच दिवस देतं. त्यामुळे एकाच तारखेसाठी चार घरांतून फोन येणं फोटोग्राफरला नवं नाही. तीन घरांना नाही म्हणावंच लागतं. साताऱ्याच्या माझ्या मित्राला लेकीच्या लग्नासाठी असाच एक नकार मोबाइलवर आला. तो मी त्याच्याकडून मागून घेतला आणि पुन्हापुन्हा वाचला. जेमतेम पंधरा ओळींचा हा मजकूर किती विचाराने बांधलेला आहे, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात अशी: ‘काका, तुमच्या तारखेला मी येऊ शकणार नाही. त्या दिवशी कोल्हापूरची ऑर्डर आहे, विसार घेतलेला आहे.’ नकार पहिल्याच वाक्यात येतो. अभिनंदन, शुभेच्छा, ‘खूप इच्छा होती पण’ हे सगळं मागे ठेवलं आहे. लग्नसराईत चांगले फोटोग्राफर महिनोन्महिने आधी ठरतात. ‘बघतो, दोन दिवसांत सांगतो’ म्हणत लोंबकळत ठेवलं तर त्या दोन दिवसांत उरलेल्यांपैकीही एखादा हातचा जातो. मित्राने दुपारी विचारलं आणि उत्तर त्याच रात्री आलं. दुसऱ्या वाक्यातला ‘विसार’ हा शब्दही नेमका जागी आहे. शब्द दिला गेला आहे, आता जास्त पैशांची बोलणी नकोत, हे त्या एका शब्दात सांगून होतं आणि कुणाला लागतही नाही.

यानंतरच्या वाक्यांवर मी सर्वांत जास्त रेंगाळलो. ‘तिथला मुहूर्त सकाळचा, तुमचा गोरज. दुपारी निघालो तर अक्षतांना पोहोचेनही. पण गौरीहर हुकेल, आणि ते हुकवून मी लग्न घेत नाही. माझ्या नावावर दुसरी टीम पाठवणंही मला पटत नाही.’ कोल्हापूर ते सातारा हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. हमरस्त्याने दोन-अडीच तासांत कापता येतं. म्हणजे दोन्ही ऑर्डरी घेणं कागदावर जमत होतं, आणि अनेक जण ते जमवतातही. मग जेवणावळ, बॅगा, वाहतूक यांतून वाट काढत फोटोग्राफर मुहूर्ताला धापा टाकत येतो आणि त्याआधीचं सगळं राहून जातं. गौरीहरापुढे अष्टपुत्री नेसून बसलेली मुलगी, मामा तिला न्यायला येण्याच्या आधीची ती घटका. दिवसभरात मुलगी एकटी, स्वतःशी असते ती तेवढीच. अल्बममध्ये आईवडील पुढे वर्षानुवर्षं ज्या पानाशी थांबतात, ते बहुधा हेच असतं. आपल्याला किती वाजता पोहोचता येईल यापेक्षा काय हुकेल याचा हिशेब या माणसाने आधी केला. कसबी हाताची ओळख कॅमेरा उचलण्याआधीच, इथे पटते.

आता शिफारस. नाव एकच दिलं आहे. पाच नंबर धाडून मोकळं होणं सोपं असतं, पण मग निवडीचं ओझं पुन्हा मुलीच्या बापावर पडतं. नावाच्या पुढे ‘उत्तम काम करतात’ असं कुठेही नाही. आहे ते असं: ‘तुमचं लग्न वाड्याच्या चौकात, दिवेलागणीला. अशा उजेडात त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. माझ्या बहिणीचं लग्न त्यांनीच टिपलं.’

या उजेडाबद्दल थोडं सांगायला हवं. गोरज मुहूर्ताला आकाशाचा प्रकाश निळसर होत जातो आणि मांडवातले दिवे पिवळे असतात. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळा, एक पिवळा, आणि पिवळ्या अष्टपुत्रीचा रंग भलताच. त्यावर समोरून फ्लॅशचा भडिमार केला की चेहरे पांढरे पडतात आणि मागचा चौक काळोखात जातो. त्यातून अंतरपाट दूर होतो तो क्षण किती लहान! त्याच वेळी चहूकडून अक्षता उडत असतात आणि कॅमेऱ्याचा फोकस नवरीचा चेहरा सोडून हवेतल्या तांदळावर जाऊन बसतो. हे ज्याने निस्तरलेलं आहे, त्यालाच दुसऱ्याच्या हाताची पारख करता येते. ‘माझ्यापेक्षा चांगला’ हे शब्द म्हणून विनयाचे वाटत नाहीत. एका विशिष्ट तासापुरता, विशिष्ट उजेडापुरता तो निवाडा आहे. आणि बहिणीच्या लग्नाचा दाखला आल्यावर आणखी काही सांगायची गरजच राहत नाही.

लगेच पुढे दोन उणिवा येतात: ‘अल्बम द्यायला ते वेळ लावतात. ड्रोन उडवत नाहीत.’ पुढे सल्ला: ‘निवडक फोटो बघू नका. संध्याकाळच्या एका लग्नाचा पूर्ण अल्बम मागून घ्या.’ निवडक वीस फोटो कुणाचेही चांगले असतात. पूर्ण अल्बममध्ये मात्र पंगत दिसते, कंटाळलेली करवली दिसते, अंधारलेला कोपरा दिसतो आणि फोटोग्राफर कुठे दमला तेही दिसतं. ज्याची शिफारस करतोय, त्याचीच परीक्षा घ्यायची रीत शिकवणं याला धीर लागतो. विश्वास पक्का असल्याशिवाय तो येत नाही.

मला एकच गोष्ट कमी वाटली. अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधूवर समोरासमोर उभे असतात. कडेच्या एका कॅमेऱ्याला दोघांच्याही फक्त कडा मिळतात. दोघांचे चेहरे हवे असतील तर दोन कॅमेरे लागतात. त्या गृहस्थांसोबत दुसरा माणूस असतो का, हे विचारून घ्या, एवढं एक वाक्य मी घातलं असतं.

व्यवहाराच्या ओळीही तितक्याच स्वच्छ आहेत. ‘तारीख मोकळी असल्याचं त्यांना विचारून घेतलंय. तुमचा नंबर दिलेला नाही. बोली तुमची तुम्ही करा, मी मध्ये नाही.’ तारीख न विचारता नाव दिलं असतं तर तिथूनही नकार येऊन मित्र दोनदा निराश झाला असता. नंबर परस्पर दिला असता तर समोरून फोन आला असता आणि मित्राला संकोचाने हो म्हणावं लागलं असतं. आणि ‘मी मध्ये नाही’ म्हटल्यावर कमिशनची शंकाही मिटली. तीन लहान वाक्यांनी मित्राला तीन अडचणींतून सोडवलं, आणि उपकार केल्याचा सूर एकाही वाक्यात नाही.

शेवटी शुभेच्छा आहेत, पण त्यांच्या आधी ही ओळ आहे: ‘आजींना फार वेळ बसवत नाही म्हणाला होतात. त्यांचा फोटो मुहूर्ताच्या आधीच घ्यायला सांगा, नंतर स्टेजवर गर्दी होते.’ पहिल्या फोनवर मित्र हे ओघात बोलून गेला होता, त्याला स्वतःला ते आठवतही नव्हतं. ऑर्डर घेतलेली नाही, पैसा मिळणार नाही, तरी त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईचा फोटो नीट निघावा याची तजवीज याने करून ठेवली. मित्राने दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या गृहस्थांना फोन केला तेव्हा पैशांच्या आधी आजींचं सांगितलं.