निवेदनाचा काळ आणि परिच्छेदाची एकसंधता

मराठी कथेच्या हस्तलिखितात एकाच परिच्छेदात क्रियापदे भूतकाळातून वर्तमानकाळात आणि तेथून पुन्हा भूतकाळात जाताना वारंवार आढळतात. संपादक बहुधा त्यांवर लाल शाई चालवतो, आणि सगळी क्रियापदे भूतकाळी करून मोकळा होतो. हा उपाय सोपा आहे, परंतु मराठीच्या स्वभावाशी तो नेहमीच जुळतो असे नाही. मराठीत काळाचा काही बदल आवश्यक असतो, काही चालण्याजोगा असतो आणि काही निव्वळ दोष असतो. या तिहींची निवड करता येणे हाच खरा प्रश्न आहे.

विवेचनासाठी एक परिच्छेद प्रस्तुत लेखकाने मुद्दाम रचला आहे. नवोदितांच्या लेखनात आढळणारे दोष त्यात एकत्र आणले आहेत. घटनास्थळ बंगळूरजवळचे व्हाइटफील्ड घेतले आहे. नोकरीच्या निमित्ताने तेथे मराठी कुटुंबे राहू लागली आहेत, आणि त्या स्थळाचा इतिहासही आपल्या प्रश्नाला उपयोगी पडणारा आहे.

‘मुरलीधर व्हाइटफील्डच्या स्थानकावर उतरला तेव्हा पाऊस थांबला होता. तो रस्त्यावर आला आणि रिक्षा शोधू लागला. इनर सर्कल हा जुन्या वसाहतीतला वर्तुळाकार रस्ता आहे. भावाचे घर त्याच्या कडेला होते. एक रिक्षावाला थांबतो आणि कानडीत काहीतरी विचारतो. मुरलीधरला कानडी येत नव्हती. त्याने हिंदीत पत्ता सांगितला. रिक्षावाला मान हलवतो. थोड्या वेळाने ते एका फाटकासमोर उभे राहतात. खिडकीत दिवा आहे हे मुरलीधरला दिसले आणि भाऊ अजून जागा आहे हे त्याने ओळखले. फाटकावरचे नाव मात्र दुसऱ्याच कोणाचे आहे.’

या परिच्छेदाची परीक्षा करण्याची एक साधी रीत आहे. ‘मग काय झाले?’ या प्रश्नाला उत्तर देणारी क्रियापदे तेवढी वेगळी काढावीत व ओळीने वाचावीत: उतरला, आला, शोधू लागला, थांबतो, विचारतो, सांगितला, हलवतो, उभे राहतात, दिसले, ओळखले. ही कथेची घटनारेषा होय. तिच्यात तीन पावले भूतकाळाची, दोन वर्तमानाची, मग एक भूतकाळाचे, पुन्हा दोन वर्तमानाची आणि शेवटची दोन भूतकाळाची आहेत. रिक्षावाल्याच्या थांबण्यात असे काहीही घडत नाही की ज्यासाठी निवेदकाने आपली जागा सोडून प्रसंगाजवळ यावे. शालेय व्याकरणे ज्याला ऐतिहासिक वर्तमान म्हणतात त्याचा आधार येथे घेता येणार नाही. तो वर्तमान घडलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडत असल्याचा प्रत्यय देण्यासाठी योजलेला असतो. कीर्तनकार आख्यान रंगात आल्यावर तो वापरतो, कारण तेथे श्रोता समोर असतो आणि स्वर व हातवारे त्या बदलाला आधार देतात. लिखित परिच्छेदाला हा आधार नसतो. एका वाक्यापुरता आलेला आणि पुढच्याच वाक्यात मावळलेला वर्तमान कागदावर घसरणीसारखा दिसतो.

ही घसरण का होते? ‘निष्काळजीपणा’ हे उत्तर अपुरे आहे. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की वाक्याची रचनाच पालटते. ‘रिक्षावाला विचारतो’ यात कर्ता प्रथमेत आहे. ‘रिक्षावाल्याने विचारले’ यात त्याला तृतीयेचा प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्त्याची साथ सोडते. म्हणून ‘थांबतो आणि विचारतो’ ही सुटसुटीत जोडी भूतकाळात तशीच नेता येत नाही. ‘थांबला आणि विचारले’ हे वाक्य लंगडे पडते. ‘थांबला आणि त्याने विचारले’ असे म्हणावे लागते. अशी चार वाक्ये लागोपाठ आली की ‘त्याने’, ‘त्याने’, ‘त्याने’ अशी ठेच कानाला लागू लागते. लेखकाचा कान ती टाळू पाहतो व नकळत वर्तमानाकडे वळतो, कारण तेथे प्रत्ययाची अडचण नसते. परिच्छेदात घसरलेल्या चार क्रियापदांपैकी ‘विचारतो’ आणि ‘हलवतो’ ही दोन सकर्मक आहेत, आणि ‘थांबतो’ हे त्यांपैकी एकाच्या जोडीने ओढले गेले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. (‘म्हणणे’, ‘बोलणे’, ‘विसरणे’ ही क्रियापदे या नियमाला अपवाद आहेत. ‘तो म्हणाला’ असेच आपण म्हणतो, आणि संवाद पेलणारी वाक्ये भूतकाळात सुखाने नांदतात याचे एक कारण कदाचित हेच असावे.) तेव्हा दुरुस्ती करताना केवळ क्रियापदाचे रूप पालटून भागत नाही, वाक्य नव्याने बांधावे लागते. ‘रिक्षावाल्याने थांबून कानडीत काहीतरी विचारले’ असे धातुसाधित अव्यय वापरले की दोन क्रिया एका वाक्यात मावतात आणि ‘त्याने’ची पुनरुक्तीही टळते.

आता उलट बाजू. ‘खिडकीत दिवा आहे हे मुरलीधरला दिसले’ या वाक्यातील ‘आहे’ला हात लावण्याचे कारण नाही. इंग्रजी व्याकरणाच्या संस्कारात वाढलेला विद्यार्थी मुख्य क्रियापद भूतकाळी दिसताच गौण वाक्यालाही भूतकाळात ओढतो, कारण त्या भाषेत तसा दंडक आहे. मराठीत तो नाही. पाहणे, ऐकणे, म्हणणे, ओळखणे यांचा विषय आपण त्या माणसाच्या त्या क्षणावरून मोजतो. ‘येतो असे तो म्हणाला’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही. उलट ‘भाऊ अजून जागा होता हे त्याने ओळखले’ असे केले की अर्थ डळमळतो. ओळखण्याच्या क्षणी भाऊ जागा होता, की त्याआधी जागा होता हे त्याला नंतर कळले, हे वाचकाला सांगता येणार नाही. म्हणजे येथे दुरुस्तीच दोष उत्पन्न करते. नकाराच्या रूपांविषयीही अशीच सावधगिरी हवी. ‘तो बोलला नाही’ यातील ‘नाही’ वर्तमानाचा दिसला तरी वाक्य भूतकाळाचेच आहे. काळ ‘बोलला’ ठरवतो.

इनर सर्कलविषयीचे वाक्य अधिक गुंतागुंतीचे आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी 1882 साली युरेशियन व अँग्लो-इंडियन असोसिएशनला दिलेल्या जमिनीवर ही वसाहत वसली आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावाने ओळखली गेली. वर्तुळाकार रस्ता ही तिची खूण आजही टिकून आहे. म्हणून ‘रस्ता आहे’ हे विधान वस्तुस्थितीला धरून आहे आणि काळाचा हा बदल समर्थनीय ठरतो. ‘रस्ता होता’ असे लिहिले असते तरी चालले असते, कारण कथेतील भूतकाळ ‘आता नाही’ असा दावा करीतच नाही. तो फक्त कथेच्या त्या संध्याकाळपुरते बोलतो. परंतु जुन्या बंगल्यांविषयी लिहिताना ही मोकळीक राहत नाही. 1990 च्या दशकात तेथे तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, त्यानंतर वस्ती झपाट्याने वाढली आणि जुन्या बंगल्यांपैकी अनेक पाडले गेले. ‘वर्तुळाच्या कडेने बंगले आहेत’ आणि ‘बंगले होते’ या दोन वाक्यांत मग केवळ शैलीचा नव्हे, तर माहितीचा फरक पडतो. बदलत्या गावाविषयी लिहिणाऱ्याने प्रत्येक ‘आहे’ आपण कोणाच्या वतीने लिहीत आहोत हे स्वतःला विचारले पाहिजे: कथेतल्या माणसाच्या, की आज कागदासमोर बसलेल्या लेखकाच्या?

जर्मन भाषाभ्यासक हाराल्ड वाइनरिश यांनी 1964 मधील आपल्या ग्रंथात काळरूपांचे दोन गट मानले आहेत. एका गटाने जगाविषयी चर्चा होते, दुसऱ्याने कथन होते. हा भेद त्यांनी युरोपीय भाषांवरून मांडला असला, तरी मराठीला त्याचा पडताळा एका फार साध्या जोडीत मिळतो: ‘आहे’ आणि ‘असतो’. समजा, वरील परिच्छेद लेखकाने संपूर्ण वर्तमानात लिहायचे ठरवले. ‘मुरलीधर उतरतो तेव्हा पाऊस थांबलेला असतो. भावाचे घर वर्तुळाकार रस्त्याच्या कडेला असते. मुरलीधरला कानडी येत नसते.’ येथे आपण सहजच ‘असतो’ वापरला. चित्रपटाचे कथानक सांगताना आपण हीच रूपे योजतो. ‘असतो’ हे कथेच्या आतले वर्तमान आहे, तर ‘आहे’ हे बोलणाऱ्याच्या समोरचे. म्हणून सलग वर्तमानात लिहिलेल्या परिच्छेदातही ‘असते’ आणि ‘आहे’ यांची सरमिसळ झाली की एकसंधता भंगते, मग एकही भूतकाळी रूप त्यात नसले तरी. शिवाय ‘असतो’ची मालिका लांबली की कथेला कथासाराची कळा येते. मराठीत सलग वर्तमानातील निवेदन दीर्घकाळ पेलणे अवघड जाते, याचे मूळ मला या रूपात दिसते.

उरले शेवटचे वाक्य: ‘फाटकावरचे नाव मात्र दुसऱ्याच कोणाचे आहे.’ येथे ‘असे त्याला दिसले’ हे शब्द नाहीत. तरीही हा वर्तमान मुरलीधरच्या नजरेचा आहे. निवेदक क्षणभर बाजूला सरला आहे आणि वाचक थेट त्या फाटकापुढे उभा आहे. हा बदल दोष नव्हे. परिच्छेदातील सर्वांत अर्थपूर्ण क्रियापद हेच आहे. प्रश्न एवढाच की मूळ परिच्छेदात ते जाणवते का? जाणवत नाही. कारण त्याआधी ‘थांबतो’, ‘हलवतो’, ‘राहतात’ अशी वर्तमानाची रूपे निष्कारण खर्च झालेली आहेत. वाचकाने ‘आहे’ हीसुद्धा आणखी एक घसरण समजून सोडून दिली, तर त्याला बोल लावता येणार नाही. आता घटनारेषा सरळ केलेला उत्तरार्ध पाहावा:

‘रिक्षावाल्याने थांबून कानडीत काहीतरी विचारले. मुरलीधरला कानडी येत नव्हती. त्याने हिंदीत पत्ता सांगितला, रिक्षावाल्याने मान हलवली. थोड्या वेळाने ते एका फाटकासमोर उभे राहिले. खिडकीत दिवा आहे हे मुरलीधरला दिसले आणि भाऊ अजून जागा आहे हे त्याने ओळखले. फाटकावरचे नाव मात्र दुसऱ्याच कोणाचे आहे.’

उत्तरार्धात तीन क्रियापदे भूतकाळात आणली, एकाचे धातुसाधित अव्यय केले आणि तीन ‘आहे’ जागच्या जागी ठेवले. पहिले दोन ‘आहे’ ‘दिसले’ व ‘ओळखले’ यांच्या आश्रयाने आले आहेत; तिसऱ्याला कोणाचाही आश्रय नाही. त्या तिसऱ्याऐवजी ‘होते’ लिहिले, तर परिच्छेद व्याकरणदृष्ट्या निर्दोषच राहील, परंतु मग ते नाव निवेदकाने शांतपणे सांगितलेली बातमी ठरेल. पुढच्या परिच्छेदात मुरलीधर दार वाजवणार असेल तर ‘आहे’ योग्य. तो परत फिरला आणि ही हकीकत वर्षांनंतर कोणाला सांगत असेल, तर ‘होते’.